लेहच्या गेस्ट हाऊसला ५० टक्के ग्लायकॉल? पंपाचं गणित बसत नाहीये

मकरपुरा_मेकॅनिकल

नमस्कार मंडळी. मी बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत स्किड बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात डिझाइनचं काम बघतो. आमचे गिऱ्हाईक बहुतेक केमिकलवाले, त्यामुळे थंडी म्हटलं की ती आमच्यासाठी पाइपाच्या आत असते. या वेळी ती बाहेर आहे. लेहच्या एका गेस्ट हाऊससाठी पंप, टाकी, व्हॉल्व्ह असा सगळा स्किड इथून बनून जायचा आहे.

मांडणी साधी आहे. अंगणात हवेवर चालणारा ४० किलोवॅटचा हीट पंप, तिथून ५० मिमीचे पाइप उघड्यावरून इमारतीत, आत फॅन कॉइल. ४५ अंशांनी जाणार, ४० ला परत येणार. कन्सल्टंटच्या कागदावर बाहेरचं किमान तापमान उणे २० आणि पुढे एकच ओळ: ५० टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल. पंप मात्र त्याच कागदात ताशी ७ घनमीटर आणि १२ मीटर हेडचा दिलाय. मला वाटतं हा आकडा साध्या पाण्यावर काढलेला आहे.

दोन प्रश्न. ५० टक्के खरंच लागतं का? आणि लागत असेल तर पंप किती वाढवायचा? ऑर्डर अजून गेलेली नाही, म्हणून आत्ताच विचारतोय.

जुना_ब्रायनवाला

५० ठेवा आणि निवांत झोपा. नंदेसरीला आम्ही उणे दहाचं ब्रायन वर्षानुवर्षं चालवलं, सगळं एमईजीवर, म्हणजे एथिलीन ग्लायकॉलवर. ऑपरेटर विचारायचा, "साहेब, अजून एक पिंप ओतू का?" मी म्हणायचो, ओत. ग्लायकॉल जास्त झालं म्हणून पाइप फुटलेला मी पाहिला नाही, कमी झालं म्हणून फुटलेले पाहिलेत.

आणि ते प्रॉपिलीन कशाला? एमईजी स्वस्त, पातळ, बडोद्यात हवं तेवढं मिळतं.

लष्करवाला

बरं झालं धागा निघाला. ग्वाल्हेरला जानेवारीत पारा दोन-तीनवर येतो. माझ्या गच्चीवर सोलर वॉटर हीटर आहे, २०० लिटरचा. त्यात किती टक्के ग्लायकॉल टाकू? मिसेस म्हणते आंघोळीच्या पाण्याला वास येईल. येतो का?

सराफ्यातला_खवय्या

@लष्करवाला, वहिनींचं ऐका. वासाचं सोडा, गोड आंघोळ होईल.

अनघा_उष्मा

@लष्करवाला, थांबा! तुमच्या टाकीतलं पाणी थेट नळाला येतं. त्यात काहीही टाकायचं नाही. ग्लायकॉल बंद सर्किटात फिरतं, जिथून एक थेंबही नळाला जात नाही. तुमच्या सोलरचं खाली लिहिते, आधी मूळ प्रश्न.

@मकरपुरा, मी मूळ बडोद्याचीच, दांडिया बाजारातली. सध्या इंदूरला असते आणि गेली काही वर्षं हिमाचल-लडाखकडच्या हीटिंगच्या साइट बघते. तुमच्या कागदावरच्या दोन ओळी एकमेकींशी बोललेल्याच नाहीत. ५० टक्के लिहिणाऱ्याने पंप पाहिला नाही आणि पंप काढणाऱ्याने ५० टक्के पाहिले नाहीत.

टक्का ठरवण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या: उणे २० ला हा द्रव पंपाने ढकलता यायला हवा, की नुसता पाइप फुटला नाही म्हणजे झालं? या दोन गरजांचे टक्के वेगवेगळे आहेत. ग्लायकॉलचं पाणी साध्या पाण्यासारखं एकदम दगड होत नाही. आधी त्यात बर्फाचे स्फटिक सुटतात, मग बर्फाच्या गोळ्यासारखा लगदा होतो. लगदा पंपाला चालत नाही, पण पाइपाला तो सोसतो, कारण प्रसरण पावायला त्याला वाट मिळते. प्रॉपिलीनचे उत्पादक दोन्ही कोष्टकं देतात. उणे २३ च्या आसपास ढकलता येईल असा द्रव हवा असेल तर साधारण ४२ टक्के. नुसतं फुटू नये एवढंच असेल तर २८ पुरतात. तुमचे ५० टक्के उणे ३४ पर्यंत गोठत नाहीत. लेहच्या गेस्ट हाऊसला ते कशाला लागतंय?

आणि ब्रायनवाले काका, राग मानू नका, पण "जास्त कधी नडत नाही" हे खरं नाही. शुद्ध एमईजी उणे १३ लाच गोठतं. पाण्यात मिसळल्यावर गोठणबिंदू खाली जातो, साठ टक्क्यांच्या आसपास तळ गाठतो आणि पुढे परत वर येतो. म्हणजे पिंपामागून पिंप ओतत गेलं तर एका टप्प्यानंतर उलट व्हायला लागतं. अर्थात तुमचा ऑपरेटर तिथवर पोचला नसणार.

जुना_ब्रायनवाला

राग कसला. साठाच्या पुढे आम्ही कधी गेलो नाही, पैसे कोण देणार! पण पन्नास काही वाईट नाही, यावर मी ठाम आहे. सुरक्षा हवीच ना?

मकरपुरा_मेकॅनिकल

अनघाताई, धन्यवाद. पण मालक म्हणतो, "पन्नास लिहिलंय तर पन्नास. दोन पिंपांचे पैसे वाचवून काय मिळणार?" त्याला पंपाच्या भाषेत दाखवायचंय. माझ्याकडे पाण्यावरची फोड आहे: पाइप-फिटिंगमध्ये ५ मीटर, हीट पंपाच्या प्लेट एक्स्चेंजरमध्ये ४, स्ट्रेनर आणि व्हॉल्व्ह मिळून ३. एकूण १२. यावर ग्लायकॉलचा गुणक किती लावू? नेटवर कुठे १.२ आहे, कुठे २.

अनघा_उष्मा

एकच गुणक लावू नका, तिथेच सगळे चुकतात. दोन गोष्टी वेगवेगळ्या घडतात, त्या वेगवेगळ्या धरा.

पहिली, फ्लो वाढतो. ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहत नाही. ४० टक्के प्रॉपिलीनला तेच ४० किलोवॅट त्याच पाच अंशांच्या फरकाने न्यायचे तर सुमारे ८ टक्के जास्त फ्लो लागतो. ७ चे साडेसात होतात. ५० टक्क्यांना बारा टक्के, म्हणजे ७.८ घनमीटर.

दुसरी, दाटपणा. ४० अंशांच्या आसपास ४० टक्क्यांचा द्रव पाण्याच्या तिप्पट दाट असतो, ५० टक्क्यांचा चौपटीहून थोडा जास्त. पण घाबरू नका. पाइपात प्रवाह खळबळता असेल तर घर्षण दाटपणाच्या साधारण पाव घाताने वाढतं. तिप्पट दाट म्हणजे घर्षण तिप्पट नाही, तीसेक टक्के जास्त. त्यावर वाढलेल्या फ्लोचा भार. दोन्ही मिळून पाइपात आणि प्लेटमध्ये ४० टक्क्यांना दीडपट, ५० टक्क्यांना पावणेदोनपट. व्हॉल्व्ह आणि स्ट्रेनरला दाटपणाचं फारसं वाटत नाही, तिथे फक्त फ्लोचा वर्ग.

तुमची फोड लावली की असं येतं:

४० टक्के: पाइप साडेसात, प्लेट ६, व्हॉल्व्ह साडेतीन. एकूण १७ मीटर.
५० टक्के: पाइप पावणेनऊ, प्लेट ७, व्हॉल्व्ह पावणेचार. एकूण साडेएकोणीस.

पंपाची शक्ती म्हणजे फ्लो गुणिले हेड गुणिले घनता. पाण्याच्या तुलनेत ४० टक्क्यांना १.६ पट, ५० टक्क्यांना १.९ पट. हा पंप लेहच्या हिवाळ्यात रात्रंदिवस फिरणार. मालकाला पिंपांचे पैसे नका दाखवू, हे दाखवा.

इंपेलर

मी पंप विकतो, त्यामुळे माझा यात स्वार्थ आहे हे आधीच सांगतो. ताईंचे आकडे बरोबर आहेत. फक्त एक गोष्ट जोडतो. समजा ऑर्डर तशीच ७ आणि १२ ची गेली आणि सर्किटात ५० टक्के भरलं, तर काय होईल? पंप बंद पडणार नाही. तो त्याच्या वक्रावर डावीकडे सरकेल. साधारण वक्र धरला, म्हणजे फ्लो बंद असताना १६ मीटर देणारा, तर फ्लो ७.८ च्या ऐवजी ६.१ च्या आसपास थांबेल. उष्णता तरीही जाईल, फक्त जाणं-येणं यातला फरक पाचाऐवजी सव्वासहा होईल. आभाळ कोसळणार नाही.

म्हणून मी कधीकधी गिऱ्हाइकाला सांगतो, मोठा पंप घेऊ नका, फरक सहा धरा. अट एकच: हीट पंपाचा किमान फ्लो त्याच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या. त्याच्या खाली गेलात तर फ्लो स्विच उघडतो किंवा हाय प्रेशरवर मशीन ट्रिप होतं. मग साइटवरून फोन येतो की "मशीन खराब निघालं".

जुना_ब्रायनवाला

इंपेलरभाऊ, तुम्ही एक विसरलात. दाट द्रवात पंपाचा वक्रच खाली येतो. आम्ही नेहमी हेडमध्ये वीस टक्के कापून धरायचो. म्हणजे १७ नाही, २१ मीटर घ्या.

इंपेलर

काका, वक्र खाली येतो हे खरं, पण कधी? ४० अंशांना हा द्रव दोन सेंटीस्टोकचा आहे. तिथे सुधारणा जवळजवळ शून्य. वीसच्या पुढे ती जाणवायला लागते, म्हणजे थंडगार सुरुवातीला. तिथेसुद्धा चांगल्या पंपात काही टक्केच. तुमचं उणे दहाचं ब्रायन कायम थंड आणि दाट, त्यामुळे तुम्ही कापून धरत होता ते बरोबरच होतं. इथे तेवढं कापलं तर मोठा पंप येईल आणि मग बॅलन्सिंग व्हॉल्व्ह पिळून तेच हेड फुकट घालवावं लागेल.

मोटरचं मात्र बघा. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. हजार मीटरच्या वर मोटर थंड करायला हवा विरळ पडते, म्हणून मोटर एक माप वरची घ्या. ते ग्लायकॉलमुळे नाही, उंचीमुळे.

सराफ्यातला_खवय्या

एवढा हिशोब वाचून भूक लागली. सेव-परमलवर धागा काढा कोणीतरी.

दूधसागर_इंदूर

विषय बाहेरच्या पाइपांचा आहे, पण माझा अनुभव कामाचा वाटला म्हणून लिहितो. इंदूरजवळच्या एका दूध प्लांटला मी मेंटेनन्सला होतो. तिथे चिलरवर ग्लायकॉल सर्किट होतं. सुरू करताना मोजून तीस टक्के भरलेलं, लेबलवर तसं लिहिलेलंही. पण पंपाच्या ग्लँडमधून थोडी गळती कायम असायची, आणि टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह होता. गळायचं ग्लायकॉल, भरायचं साधं पाणी. पातळी कायम बरोबर, त्यामुळे कोणाला शंका येईना. लेबल तीस सांगत राहिलं, आत बारा-तेरा उरले होते. एके दिवशी स्ट्रेनर चोंदला, फ्लो घटला, आणि प्लेट एक्स्चेंजर आतून गोठून फाटला. गॅस ग्लायकॉलमध्ये, ग्लायकॉल कॉम्प्रेसरमध्ये. पुढचं सांगत नाही.

तर मकरपुरावाले भाऊ, चाळीस की पन्नास यावर भांडा, पण मेकअपच्या लाइनला ऑटो फिल लावू नका. हाताने भरायचं, तयार मिश्रणच भरायचं, आणि भरलं की वहीत लिहायचं. प्रेशर सारखं पडायला लागलं की गळती आहे हे निदान कळतं तरी.

अनघा_उष्मा

@दूधसागर, हे शंभर टक्के. आणि मोजायला रिफ्रॅक्टोमीटर साइटवर ठेवा. एक थेंब काचेवर, झाकण खाली, उजेडाकडे धरून बघायचं. निळ्या-पांढऱ्याची रेघ जिथे येते तिथला आकडा. पण त्यात दोन पट्ट्या असतात, एक एथिलीनची, एक प्रॉपिलीनची. गाडीच्या गॅरेजमधला उचलून आणला तर त्यावर बहुधा एथिलीन आणि बॅटरीच्या ॲसिडचीच पट्टी असते. चुकीच्या पट्टीवर वाचलं की आकडा दिसतो, पण त्याला अर्थ नसतो. थेंब घेण्याआधी सर्किट तासभर फिरवा. नुकतंच ओतलेलं ग्लायकॉल खालच्या पाइपात बसून राहतं, तिथला नमुना आणि वरचा नमुना वेगळा येतो.

हिमपक्षी

मी दोन हिवाळे लेहमध्ये काढलेत, हॉटेलच्या कामाला. तुमचं गणित छान आहे, पण रात्री दोनला वीज गेली की काय, ते बोला. हीट पंप बंद, पंप बंद, सकाळपर्यंत बाहेरचा पाइप बाहेरच्या हवेइतका थंड. वीज येते, पंप फिरतो, आणि हीट पंप सुरूच होत नाही! पॅनेलवर फ्लोचा अलार्म. आमच्याकडे अगदी हेच व्हायचं. पाहुणे रजईत, मॅनेजर फोनवर, आणि आम्ही फ्लो स्विचला जंपर लावायचा मोह आवरत उभे.

आमच्या सर्किटात किती टक्के होते माहितीये? पंचावन्न. "लडाख आहे, भरपूर भरा" म्हणून.

अनघा_उष्मा

हिमपक्षी, तुमची केस म्हणजे या धाग्याचा गाभाच. उणे २० ला ४० टक्के प्रॉपिलीन साधारण पंचवीस-तीस सेंटीपॉइझचं होतं, ५० टक्के त्याच्या दीडपटीहून जास्त. ५० मिमीच्या पाइपात दोन्ही थंडीत संथ वाहतात, खळबळ संपते. तरी पाइपाचं एवढं काही नाही. तोच फ्लो धरला तर घर्षण पाण्याच्या तुलनेत ४० ला पावणेदोनपट आणि ५० ला तिपटीच्या आसपास. खरा अडथळा हीट पंपाच्या प्लेटमध्ये. तिथल्या फटी दोन-तीन मिलिमीटरच्या, थंड दाट द्रव तिथे कित्येक पट विरोध करतो. फ्लो मागे सरतो, स्विच उघडा राहतो, मशीन सुरू होत नाही, आणि मशीन सुरू झाल्याशिवाय द्रव गरम होत नाही. गोठू नये म्हणून जास्त ओतलेलं ग्लायकॉलच मशीन अडवतं.

उपाय: फ्लो स्विचची वेळ वाढवा, म्हणजे आतल्या फॅन कॉइलमधला कोमट द्रव बाहेर यायला मिनिटभर मिळतं. पंपाला वेगळा छोटा बॅकअप द्या आणि वीज गेली की कमी वेगावर फिरता ठेवा. इमारतीची ऊब त्यात पसरत राहते. पण सगळ्यात आधी टक्का खाली आणा.

जुना_ब्रायनवाला

हे मान्य. पंचावन्न जरा जास्तच. पण मग एमईजी का नको? थंडीत ते निम्मंच दाट असतं, हे तुम्हीही नाकारणार नाही.

अनघा_उष्मा

नाकारत नाही, काका. थंडीत एमईजीचा पंपावरचा भार खरंच कमी. उष्णता वाहण्यात मात्र ते प्रॉपिलीनहून किंचित मागे पडतं, तेव्हा फ्लोमध्ये थोडं परत द्यावं लागतं. पण एमईजी विषारी आहे, पोटात गेलं तर किडनीवर येतं, आणि चव गोड. गेस्ट हाऊसमध्ये आज फॅन कॉइल आहेत, उद्या कोणीतरी याच सर्किटावर आंघोळीच्या पाण्याची कॉइल जोडणार. लेहमध्ये हे होतंच. म्हणून प्रॉपिलीन. तुमच्या प्लांटात एमईजी ठीकच होतं.

नळकांडे

तुम्ही सगळे पंपावर अडकलात. फॅन कॉइलकडे कोणी बघतंय का?

कॉइलच्या नळ्या नऊ-दहा मिलिमीटरच्या. ४५ अंशांना ४० टक्के भरलं तर त्यात प्रवाह जेमतेम खळबळता राहतो. ५० टक्के भरलं, किंवा थर्मोस्टॅटने फ्लो कमी केला, की तो संथ पडतो आणि नळीच्या भिंतीला लागून एक थर नुसता बसून राहतो. तिथे उष्णता अचानक घटते, हळूहळू नाही. खोलीतला पाहुणा म्हणतो "हवा येतेय पण गरम नाही", आणि सगळे पंप तपासत बसतात.

माझा आग्रह: आत साधं पाणी ठेवा. हीट पंप आणि इमारत यांच्यामध्ये एक प्लेट एक्स्चेंजर टाका. ग्लायकॉल फक्त बाहेरच्या लूपमध्ये. तीनशे लिटरऐवजी ऐंशी-नव्वद लिटरच भरायचे. मग ५० टक्के भरा नाहीतर अजून काही, आतल्या कॉइलला फरक पडत नाही.

अनघा_उष्मा

नळकांडे, नळ्यांचा मुद्दा पटला. कॉइलबद्दल एवढंच जोडते की तिथे जास्त विरोध हवेच्या बाजूचा असतो, म्हणून आतला थर निम्मा कमकुवत झाला तरी एकूण ऊब पाच-दहा टक्केच घटते. जोपर्यंत प्रवाह खळबळता आहे तोपर्यंत. हीट पंपाच्या प्लेटमध्ये मात्र द्रवाच्या बाजूचा वाटा मोठा. तिथे तोच परिणाम म्हणजे कंडेन्सिंग तापमान एक-दोन अंश वर आणि वीज थोडी जास्त.

पण मधल्या एक्स्चेंजरशी मी सहमत नाही. त्यात तीन-चार अंश जातात. आत ४५ हवं असेल तर हीट पंपाला ४८-४९ द्यावे लागतात, आणि उणे २० च्या हवेत तेच मशीनला सगळ्यात महाग पडतं. शिवाय दुसरा पंप, दुसरा एक्स्पान्शन व्हेसल.

नळकांडे

आणि हिवाळ्यात गेस्ट हाऊस महिनाभर बंद ठेवलं तर? तुमच्या पद्धतीत अख्ख्या इमारतीतलं ग्लायकॉल दरवर्षी सांभाळा. ते जुनं होतं, त्यातली गंजरोधक द्रव्यं संपतात, द्रव आम्लधर्मी होतो.

हिमपक्षी

@नळकांडे, आत साधं पाणी आणि गेस्ट हाऊस महिनाभर बंद, हे दोन्ही एकत्र कसं चालेल? आतलं पाणी गोठेल की! रेडिएटर फुटलेले मी स्वतः वेचलेत.

नळकांडे

पाणी काढून टाकायचं.

हिमपक्षी

कोण काढणार? मॅनेजर तर चंदीगडला गेलेला असतो.

अनघा_उष्मा

@लष्करवाला, तुमचं राहिलं होतं. दोन-तीन अंशांना टाकीतलं पाणी गोठत नाही. पण निरभ्र रात्री गच्चीवरचं सपाट काचेचं पॅनेल आकाशाकडे उष्णता सोडत हवेहूनही थंड होतं, म्हणून हवा दोनवर असताना आतलं पाणी गोठू शकतं. तुमच्याकडे सपाट पॅनेल आहे की काचेच्या नळ्या? नळ्या असतील तर त्यांना निर्वात आवरण असतं, फारशी काळजी नाही. सपाट असेल तर कडाक्याच्या रात्री पॅनेलला चादर घाला आणि उघड्या थंड पाइपाला इन्सुलेशन चढवा.

लष्करवाला

नळ्याच आहेत. मिसेस जिंकली.

स्नेहल_सायली

मी केमिस्ट, यातलं यंत्र कळत नाही, पण पाण्याबद्दल सांगते. ग्लायकॉल बोअरच्या जड पाण्यात मिसळू नका, गंजरोधक त्यातल्या क्षारांबरोबर गाळ होऊन बसतात. बडोद्यात डीएम पाणी सहज मिळतं, इथेच मिसळून पिंपांत पाठवा. पाणी ट्रकने लेहला न्यायचं म्हणजे विनोद वाटेल, पण तिथे मोजमाप न करता मिसळण्यापेक्षा बरं. गाडीचं कूलंट वापरू नका आणि गॅल्व्हनाइज्ड पाइप तर अजिबात नको, जस्ताशी गंजरोधकांचं पटत नाही. आणि फार पातळही ठेवू नका. वीस टक्क्यांच्या खाली जंतूंना ते अन्न वाटतं.

मकरपुरा_मेकॅनिकल

सगळ्यांचे आभार, काकांचेही. गॅल्व्हनाइज्ड पाइप बीओक्यूमध्ये होता, तो आजच काढला.

मी कन्सल्टंटला असं लिहायचं ठरवतोय: ४० ते ४२ टक्के प्रॉपिलीन, गंजरोधकासह तयार मिश्रण. मेकअप हाताने. पंप ताशी साडेसात घनमीटर, १८ मीटर हेड, वेग बदलता येणारा, मोटर एक माप वर. फ्लो स्विचला वेळ. व्हेसल मात्र परत काढावा लागेल. उणे २० पासून ४५ पर्यंत हा द्रव तीनेक टक्के फुगतो, म्हणजे तीनशे लिटरला नऊ-दहा लिटर. मी पाण्यावर त्याचा तिसरा हिस्सा धरला होता.

मधला एक्स्चेंजर घ्यायचा की नाही, हे मालकावर सोडतो. मला स्वतःला नळकांडेंचा मुद्दा अजून खुपतोय.

इंपेलर

पंपवाल्याला चौकशी पाठवताना नुसतं "ग्लायकॉल" लिहू नका. टक्का, प्रकार आणि दोन तापमानं लिहा, ४० अंशांना चालताना आणि उणे २० ला सुरू होताना. नाहीतर आमच्या ऑफिसातला पोरगा सॉफ्टवेअरमध्ये पाणी टाकतो आणि कोटेशन १२ मीटरचंच येतं.

जुना_ब्रायनवाला

४२ ठीक. पण एक पिंप जास्तीचं पाठवा हो. तिथे कोण देणार.